बाजाराच्या दिवशी काय खावं? नाजूक पोट घेऊन विदर्भात नव्याने आलेल्यांसाठी

मी मूळची साताऱ्याकडची. जिल्हा परिषदेच्या शाळेत नेमणूक मिळाली ती यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी. खोली तालुक्याला, शाळा तिथून एसटीने पाऊण तास. पोट लहानपणापासून नाजूक. डॉक्टरांनी त्याला आयबीएस असं नावही दिलेलं आहे. त्यामुळे इथे येताना आईने एकच बजावलं होतं, "तिकडची तर्री खाऊ नकोस."

मी तर्री टाळली आणि टरबूज खाल्लं. एप्रिलची संध्याकाळ होती. बाजारात हातगाडीवर लालबुंद फोडी मांडलेल्या, वरून पाणी शिंपडलेलं. गोड, गार, तिखटाचा लवलेश नाही, म्हणजे आपल्या पोटाचंच फळ असं वाटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ताप, पोटात मुरडा आणि दहा-बारा जुलाब. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी तीन दिवसांचं खाणं लिहून काढायला लावलं आणि टरबुजावर बोट ठेवलं. तपासणी केल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही, असंही त्या म्हणाल्या. पण यादीतलं बाकी सगळं उकळतं किंवा तळलेलं होतं.

तेव्हापासून चार वर्षं मी इथलं बाहेरचं खाते. टरबुजासारखा फेरा पुन्हा आला नाही. कसं, ते क्रमाने सांगते.

१. तिखटाचा त्रास आणि जंतूंचा त्रास वेगळा ओळखा

नाजूक पोटवाल्यांची मोठी गफलत इथेच होते. छातीत जळलं की आपण म्हणतो "बाधलं". पण तर्रीतलं तिखट आणि तेल बाधलं तर ते खाल्ल्यावर लवकर कळतं. जळजळ होते, पोट फुगतं, एखाद-दोनदा घाईने जावं लागतं, आणि दिवसभरात सगळं निवतं. ताप येत नाही.

दुसरा प्रकार शिळ्या अन्नातल्या विषाचा. शिजवलेला पदार्थ तासन्‌तास कोमट राहिला की काही जंतू त्यात विष तयार करतात. ते पोटात गेलं की साधारण सहा तासांच्या आत जोराच्या उलट्या सुरू होतात. तिसरा प्रकार जिवंत जंतू पोटात जाण्याचा. त्यांना वाढायला वेळ लागतो, म्हणून त्रास बहुतेकदा बारा तासांपासून तीन दिवसांपर्यंत केव्हाही सुरू होतो, आणि बरोबर ताप असू शकतो.

म्हणून जुलाब लागले की आपण शेवटच्या जेवणाला दोष देतो आणि खरा गुन्हेगार कालचा किंवा परवाचा असतो. एका छोट्या वहीत काय, कुठे आणि किती वाजता खाल्लं ते महिनाभर लिहा. मला वहीतून दोन गोष्टी कळल्या. तर्री दोन चमच्यांपर्यंत मला चालते. कच्चा कांदा मात्र कितीही स्वच्छ असला तरी पोट फुगवतो. टरबुजाचंही तसंच आहे. त्यातल्या फळसाखरेने आयबीएसवाल्यांचं पोट अनेकदा फुगतं, जंतू असोत वा नसोत.

२. पिशवीत काय हवं

कागदपत्रं काही लागत नाहीत, वस्तू मात्र लागतात: झाकणाचा छोटा स्टीलचा डबा, चमचा, घरून भरलेली पाण्याची बाटली, साबणाची वडी, एक छोटी सुरी आणि ओआरएसची दोन पाकिटं. सॅनिटायझर चालतं, पण बाजारातून फिरलेल्या धुळकट, चिकट हातांवर साबण-पाणीच खरं काम करतं. डबा-चमचा काढताना पहिले दोन दिवस संकोच वाटतो. नंतर दुकानदारच म्हणतो, "आना डबा, मॅडम."

३. सकाळचे पोहे: वेळ गाठा

विदर्भातल्या जवळजवळ प्रत्येक एसटी स्टँडबाहेर सकाळी तर्री-पोह्यांची गाडी असते. मोठ्या परातीत पोह्यांचा ढीग, शेजारी पातेल्यात हरभऱ्याची लाल तर्री. तर्री सहसा उकळत असते, म्हणून जंतूंच्या हिशेबाने ती या गाडीवरची भरवशाची वस्तू आहे. धोका असलाच तर ढिगाला आहे.

पोहे सहाला केले आणि साडेदहापर्यंत विकले, तर मधले साडेचार तास ते कसे ठेवले यावर सगळं ठरतं. अन्न साधारण ५ ते ६० अंशांच्या मध्ये राहिलं की जंतू वाढतात. ६० अंश म्हणजे बोटाला चटका बसेल इतकं गरम. परातीखाली आच चालू असेल तर बरं. आच बंद असेल तर ढीग आतून कोमट होत जातो. मग त्यावर उकळती तर्री ओतली तरी प्लेटमध्ये जे येतं ते कोमटच. शिवाय काही विषं नुसत्या पुन्हा गरम करण्याने जातही नाहीत.

पाहायचं इतकंच: झारा ढिगाच्या मधोमध घातला की वाफ निघते का? कडेचे पोहे वाळून पिवळट कडक झाले आहेत का? वाफ नाही आणि कडा वाळलेल्या, तर पुढची गाडी शोधा, नाहीतर नवी परात उतरेपर्यंत थांबा. सव्वासातच्या माझ्या एसटीआधी पहिली परात मिळते, आठनंतर मी पोहे खात नाही.

मागताना असं म्हणा: "भाऊ, सादे पोहे, तर्री वेगळी द्या, वरून कांदा-सांबार नको." सांबार म्हणजे इथे कोथिंबीर, आपली डाळीची आमटी नव्हे. पहिल्या आठवड्यात मी "सांबार जास्त द्या" म्हणाले आणि मूठभर हिरवा पाला मिळाला.

४. घाणा गाठा

आता बाजारातलं मुख्य खाणं: आलुबोंडा, समोसा, कचोरी, भजी. नियम ऐकायला सोपा आहे, तळताना पाहून घ्या. पण "गरम आहे का?" असं विचारलं की प्रत्येक जण "गरमच हाय जी" म्हणणार, आणि तो खोटं बोलत नसतो. ताटातला बोंडा पाऊण तास झाला तरी बाहेरून ऊबदार लागतो. म्हणून प्रश्न बदला: "पुढचा घाणा कधी काढता?" कढईत एका वेळी जेवढं तळून निघतं तो घाणा. हा शब्द वापरला की समोरच्याला कळतं, या बाईला थांबायचं आहे.

एका बाजाराचा हिशेब सांगते. शाळा सुटल्यावर साडेचारला मी बाजारात पोहोचते. आलुबोंड्याच्या दुकानात ताटात पंधरा-वीस बोंडे रचलेले, कढई शांत. म्हणजे दुपारच्या गर्दीचा माल उरला आहे. अशा वेळी घेतलं तर वरचे मिळतात, आणि ते पुन्हा तेलात बुडवून देतील. हाच सापळा. दुसऱ्यांदा तळताना बाहेरचं बेसन लगेच कडक होतं आणि आतला बटाटा जेमतेम कोमट होतो. तेल १७०-१८० अंशांचं असलं तरी अर्ध्या मिनिटात ती उष्णता मधोमध पोहोचत नाही.

मी आधी भाजी घेते आणि सव्वापाचला परत येते. तोवर ताट रिकामं झालेलं असतं, पिठाचं पातेलं पुढे आलेलं असतं. कच्चा गोळा पिठात बुडताना आणि तेलात सुटताना दिसला की मी दोन सांगते. हातात आल्यावर आधी मधोमध फोडते. वाफेचा लोट निघाला आणि बोट लावलं तर चटका बसला, की खायचं. गाभा कोमट असेल तर ठेवून द्यायचं, दहा-पंधरा रुपये गेले तर जाऊ द्यायचे. बटाट्याचा वास आंबूस आला किंवा सारणाला तार सुटली तर ते सारण आदल्या दिवशीचं. ते कितीही तापलं तरी खाऊ नये.

इथे गरम-ताज्याची मर्यादाही कळते. ताजा तळलेला बोंडा शिळ्या सारणाचा असू शकतो. म्हणून मला भजी जास्त भरवशाची वाटतात. मिरचीची असोत की कांद्याची, त्यांत शिजवून ठेवलेलं सारण नसतं. भजं पातळ असल्याने आतपर्यंत तळलं जातं. पण कांदा आणि बेसन दोन्ही पोट फुगवणारे, त्यामुळे नाजूक पोटाला चार-पाच भजी पुरे. माझी गाठ सहाव्या भज्यावर बसते, हे वहीने सांगितलं.

तेलाकडेही एक नजर टाका. काळपट, दाट, पृष्ठभागावर न विरणारा फेस, आच मंद असूनही धूर: असं तेल अनेकदा तापवलेलं असतं. त्यात जंतू नसतात, पण मळमळ आणि जडपणा हमखास. बाजाराच्या दिवशी मात्र तेल भराभर संपतं आणि नवं ओततात, म्हणून रोजच्यापेक्षा बाजाराच्या दिवशीचा घाणा मला बरा वाटतो. गर्दीच्या दुकानाची वकिली मी एवढ्याच कारणासाठी करते. माल पडून राहत नाही. स्वच्छतेची हमी गर्दी देत नाही.

५. गरम पदार्थाशेजारचं थंड

घाणा गाठला आणि वर हिरवी चटणी घेतली, की मेहनत पाण्यात. शब्दशः पाण्यात, कारण ती चटणी कच्च्या पाण्यात वाटलेली असते आणि सकाळपासून उघडी असते. कापलेला कांदा, दही, थंड चिंचेचं पाणी, सगळ्यांची तीच गत.

इथे बऱ्याच ठिकाणी आलुबोंडा-कचोरीवर कढी देतात. ती चुलीवर रटरटत असेल तर बिनधास्त घ्या. बादलीत काढून ठेवलेली कोमट कढी नको. मी तर सरळ तळलेली हिरवी मिरची मागते, तेलातून निघालेली, वर मीठ. अर्धी खाल्ली तरी चव येते.

मग प्लेट. एकाच बादलीत शंभर प्लेटा बुचकळून निघतात आणि ओल्याच पुढे येतात. त्यातलं पाणी तुमच्या पोह्यांत जातं. पळसाच्या पानाचा कोरडा द्रोण मिळाला तर उत्तम, नाहीतर आपला डबा. वर्तमानपत्राचा कागद नको. त्याची शाई तेलाला लागते, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही तो वापरू नका असं सांगितलेलं आहे.

६. कापून ठेवलेलं फळ: इथे तडजोड नाही

टरबुजाच्या गाडीजवळ मी नंतर एकदा मुद्दाम वीस मिनिटं उभी राहिले. काय दिसलं ते लिहिते. टरबूज जमिनीवर, पोत्यावर ठेवलेलं. ते न धुता सुरी आरपार. मग सुरी फडक्याला पुसली, फडकं खांद्यावर. फोडी मांडल्या, त्यावर माश्या. माश्या उडवायला आणि चकाकी राहायला बादलीतलं पाणी शिंपडलं. सुरी त्याच बादलीत बुडवली. तिथेच एका पोराने हात धुतले.

सालीवरची माती-शेण सुरीबरोबर गरात उतरतं, हे पहिलं. दुसरं असं की टरबुजाचा गर आंबट नसतो. संत्र्या-अननसातला आंबटपणा जंतूंना आवर घालतो. टरबूज, खरबूज, पपई यांत तो जवळजवळ नाही, उलट पाणी आणि साखर भरपूर. तिसरं ऊन. कापलेलं फळ साध्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा सर्वसाधारण हिशेब आहे. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४२-४५ ला जातो. दुपारी दोनला कापलेली फोड पाचला तुम्ही खाता, तेव्हा ती तिप्पट वेळ ओलांडून गेलेली असते. आणि ती नासल्यासारखी दिसत नाही, वासही येत नाही. गाडीवरच्या बाकी पदार्थांत डोळे-नाक थोडी मदत करतात, इथे करत नाहीत. चाट मसाला, मीठ, लिंबू भुरभुरवल्याने चव येते, जंतू मरत नाहीत.

"डोळ्यासमोर कापून घेतलं तर?" वेळेचा प्रश्न सुटतो. साल, सुरी आणि हात तेच राहतात. गाडीवाल्याला मी म्हणाले, "दादा, अख्खं द्या, कापू नका." तो हसला, "फोडून नाय पाहत का मॅडम? फिक्कं निघालं तं?" गावाकडे टरबुजाला चौकोनी खाच पाडून लाली दाखवायची पद्धत आहे. ती पाडू देऊ नका. त्या भोकातून तेच सगळं आत जातं आणि पुढे घरापर्यंतचा तास-दीड तास असतोच. फिकं निघण्याचा धोका पत्करा. जमिनीला टेकलेला डाग पांढरट न राहता लोण्यासारखा पिवळा झालेला असेल तर फळ सहसा पिकलेलं असतं.

घरी आल्यावर साल वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवा, स्वच्छ सुरीने कापा, लगेच खा. उरलं तर झाकून फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज नसेल तर शेजारी वाटा, त्यात ओळखीही होतात.

बाजारातच फळ खायचं असेल तर सोलून खाण्याचं घ्या. केळं सगळ्यांत सोपं. हिवाळ्यात संत्रं, हात धुऊन स्वतः सोललेलं. सीताफळ, उकललेलं नसेल तर. भंडारा-गोंदियाकडे उकडलेले शिंगाडे मिळतात. ते वाफाळत असताना घ्या आणि साल स्वतः काढा. बोरं बाटलीतल्या पाण्याने धुऊन.

७. रस, बर्फ, पाणी

रसवंतीचा ऊस ताजा असतो, पण त्यातला बर्फ आणि ग्लास धुण्याचं पाणी कुठलं ते कळत नाही. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालायचा नियम महाराष्ट्रात आहे. तरी पांढरा दिसला म्हणून तो खाण्याचाच, असं मानू नका. मी रस घेत नाही. उकळता चहा घेते. कप धुतलेला नको वाटला तर डब्याचं झाकण आहेच.

८. तरीही बिघडलं तर

पहिल्या सैल जुलाबापासून ओआरएस सुरू करा, अशक्तपणाची वाट पाहू नका. मोठं पाकीट एक लिटर पिण्याच्या पाण्यात पूर्ण विरघळवायचं. अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासात टाकायचं नाही. पाकीट आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्रात मिळतं. नसेलच तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने वाढवू नका. उलटी होत असेल तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने द्या.

जुलाब थांबवायची गोळी दुकानातून मागू नका. ताप किंवा शौचात रक्त असताना ती घेतली तर त्रास वाढू शकतो. रक्त दिसलं, ताप चढला, सहा-आठ तास लघवी झाली नाही, ओआरएस पोटात टिकत नाही, किंवा उभं राहिल्यावर अंधारी येते, तर आरोग्य केंद्र गाठा, वाहन नसेल तर १०८ ला फोन करा. लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर एवढीही वाट पाहू नका.

जाताना वही बरोबर न्या. माझ्या वहीत त्या एप्रिलच्या पानावर डॉक्टरीणबाईंनी टरबुजाभोवती लाल पेनाने काढलेलं वर्तुळ अजून आहे.